दुसरं दुकान की ऑनलाइन? एका मिसळवाल्याचा हिशोब

नमस्कार मंडळी. माझं पंचवटीत मिसळीचं छोटं दुकान आहे, सात टेबलं. गेल्या दिवाळीपासून घरात एकच वाद चालू होता. मेहुणा म्हणायचा गंगापूर रोडला गाळा बघितलाय, घेऊन टाका, आणि पोरगा म्हणायचा पप्पा गाळा-बिळा सोडा, आधी ऑनलाइन वाढवू. दोघंही बोलायला हुशार, पण वही कुणीच उघडत नव्हतं. शेवटी बायकोने उघडली.

आधी गाळ्याचं सांगतो. भाडं ४५ हजार, तीन माणसांचा पगार ४८ हजार, लाईट-पाणी आणि किरकोळ १२ हजार. टेबलं, शेगड्या, फ्रीज, बोर्ड मिळून ५ लाख ४० हजार लागणार होते, ते तीन वर्षांवर पसरवले तर महिन्याला १५ हजार. बेरीज झाली १ लाख २० हजार. डिपॉझिट वेगळं, ते परत मिळतं म्हणून धरलं नाही, पण तोपर्यंत पैसा अडकलेलाच असतो ना. आमची प्लेट १०० रुपयांची, त्यात फरसाण, मटकी, पाव, दही, पापड, तेल, गॅस धरून ४० जातात आणि ६० उरतात. म्हणजे नुसता खर्च निघायलाच महिन्याला २००० प्लेटा हव्यात, सोमवारी बंद धरलं तर रोजच्या ७७.

मेहुणा म्हणाला, बस एवढंच? आपल्याकडे रोज १४० जातात की! इथेच माणूस फसतो बघा. कारण त्या १४० मधले काही जण गंगापूर रोडवरूनच येतात, आणि तिकडे दुकान झालं की ते इकडे येणार नाहीत, तिकडे बसतील. ते नवीन गिऱ्हाईक नव्हे, आपलाच पैसा या खिशातून त्या खिशात. नवीन दुकानात येणाऱ्यांत तिघांमागे एक जुना असेल तर खर्च निघायला रोज ७७ नाही, ११५ प्लेटा लागतात. म्हणून बायकोने गल्ल्यावर एक साधी वही ठेवली, बिल घेताना हसून विचारायचं, कुठून आलात? आणि एरियापुढे एक रेघ मारायची. चार रविवारी ६०० टेबलांच्या रेघा झाल्या, त्यात ९० गंगापूर रोड-आनंदवलीच्या बाजूच्या. बरं वाटलं. पण तीच वही बुधवारी उघडली तर त्या बाजूच्या दोन रेघा! नाशिककराची मिसळ म्हणजे रविवारची सकाळ, अख्खं घर गाडीत घालून निघायचं. भाडं मात्र बुधवारचंही द्यावं लागतं.

आता पोराचं ऑनलाइन. अॅपवर प्लेट १२० ला लावली. कमिशन आम्हाला २५ टक्के पडलं म्हणजे ३० रुपये, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून पाचेक, डबे-पिशवी १३, माल ४०. उरले ३२. त्यातून डिस्काउंटचे १० आमच्याच खिशातले, मग २२. काउंटरवर ६० आणि इथे २२. तरी पोरगा खूश, रोज १४ ऑर्डरी येतायत म्हणे. मी म्हटलं डिस्काउंट दोन आठवडे बंद कर आणि मग मला आकडा सांग. आकडा आला ६. म्हणजे बाकीच्या आठ जणांना आमची मिसळ नको होती, त्यांना १० रुपये हवे होते.

आणि मिसळ डब्यातून जाते कशी तेही बघायला पाहिजे. मी एकदा स्वतः मेव्हणीच्या घरी ऑर्डर मागवून बसलो. रस्सा कोमट, कट सगळा झाकणाला चिकटलेला, पावाला वाफ धरून तो ओला, आणि पोऱ्याने शेव मटकीवरच घालून दिलेली त्यामुळे तिचा लगदा. मग शेव वेगळ्या पुडीत, पाव कागदात आणि रस्सा उकळता भरायला लागलो तेव्हा तक्रारी थांबल्या. पण खरी गोष्ट वेगळीच कळली, की अॅपवर ऑर्डर कमी म्हणून त्या भागात मागणीच नाही असंही म्हणता येत नाही. डबा मागवणारा माणूस आणि टेबलावर येऊन तीनदा रस्सा मागणारा माणूस, दोन वेगळी गिऱ्हाईकं आहेत. एकाच्या आकड्यावरून दुसऱ्यासाठी गाळा घ्यायचा नाही, आणि नाकारायचाही नाही.

म्हणून मधला रस्ता काढला, व्हॉट्सअॅपवर शनिवारी रात्रीपर्यंत ऑर्डर घ्यायची आणि रविवारी नऊ वाजता गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या गेटवर आमचा पोऱ्या उभा. डिस्काउंट नाही. पहिल्या रविवारी ५२ पार्सलं, आम्ही हवेत. तिसऱ्या रविवारी ३१. आठव्यापर्यंत २८-३० वर स्थिरावलं, आणि त्यातली २२ घरं तीच तीच. मला विचाराल तर त्या ५२ ला काही किंमत नाही, ती नव्याची नवलाई होती. पुन्हा मागवणारी २२ घरं हा माझा पुरावा. पोऱ्या आणि पेट्रोल जाऊन रविवारी साडेसातशे सुटतात, म्हणजे चाचणी फुकटात झाली.

आता एक चाचणी अशी जी कुणी करत नाही. मी जुन्या दुकानात पंधरा दिवस गेलोच नाही. घरी बसलो, फार त्रास झाला, पण गेलो नाही. कारण दुसरं दुकान उघडलं की मी तिकडेच असणार ना! दुसऱ्या आठवड्यात १४० च्या ११८ झाल्या. कारण शोधलं तर वाटणात खोबरं कमी भाजलं जात होतं आणि जादा रस्सा मागितला की पोरं तोंड वाकडं करत होती. रोजच्या २२ प्लेटा, प्लेटमागे ६०, महिन्याला ३४ हजार! हे त्या गाळ्याचं न दिसणारं भाडं, मेहुण्याच्या कागदावर कुठेच नव्हतं. आता वाटण वजनावर होतं आणि भाजायचं काम एकाच बाईकडे आहे, तरी अजून १३० च्या वर गाडी जात नाही मी नसलो की.

आणि २०२७ चा सिंहस्थ. प्रत्येक दलाल तेच सांगतो, कुंभ येतोय, आत्ताच घ्या. अहो, गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरची आणि रामकुंडाच्या बाजूची, गाळा गंगापूर रोडला आणि लॉक-इन तीन वर्षांचं! कुंभाचा आकडा मी हिशोबात धरलाच नाही.

सध्या असं ठरलंय. गंगापूर रोडला एक पावभाजीवाला आहे, त्याचं दुकान दुपारी चारला उघडतं, सकाळभर शटर बंद. त्याच्याकडून सकाळी आठ ते बारा जागा घेतली, दिवसाला १५०० रुपये, तीन महिने. गाळामालकाची लेखी परवानगी घेतली, आणि अन्न परवाना जागेनुसार लागतो, आमचा पंचवटीचा तिथे चालत नाही, त्यामुळे त्या पत्त्याचा वेगळा काढला. वाटण पंचवटीतूनच जाईल, रस्सा तिथे उकळेल. वहीसुद्धा तिकडे ठेवलीये, फक्त प्रश्न बदललाय, आधी पंचवटीला येत होतात का? हो म्हणाले त्यांची रेघ वेगळ्या पानावर. बुधवार-गुरुवारी नव्या गिऱ्हाइकांच्या पानावर ६० च्या वर प्लेटा गेल्या तर गाळ्याचं बोलू, नाहीतर नाही, आणि हा आकडा मी सुरू करायच्या आधीच बायकोकडून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलाय, म्हणजे नंतर मेहुण्याला आणि मला तो वाकवता येणार नाही. काल बुधवार होता. ३४.