घड्याळाचं वॉरंटी कार्ड: सेल बदलला आणि पाणी शिरलं

नमस्कार मंडळी. नवीन घड्याळ घेतलं की डब्यात मऊ उशीखाली एक घडीचं पुस्तक असतं, आपण ते डब्यासकट कपाटात टाकतो, माझ्या ताईनेही तेच केलं होतं आणि तिला ते महागात पडलं, म्हणून आज तिचीच गोष्ट सांगतो.

ताई चिपळूणला असते. दिवाळीच्या पाडव्याला तिने सेलवर चालणारं काट्यांचं घड्याळ घेतलं, मागे 5 एटीएम, म्हणजे पाण्याचा किती दाब सोसेल त्याचा आकडा, लिहिलेलं, दोन वर्षांची वॉरंटी. मे महिन्यात सेकंदकाटा एकेक सेकंद न सरकता दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागला. बऱ्याच घड्याळांत ही सेल संपत आल्याची खूण असते, मशीन बिघडलेलं नसतं. पण तिला वाटलं, सहा-सात महिन्यांत सेल कसा संपेल, दोन वर्षं तरी चालायला हवा ना? तर त्याचं कारण असं की नव्या घड्याळातला सेल कारखान्यातच बसवतात, घड्याळ चालतंय की नाही बघायला. म्हणजे त्याचं आयुष्य तिथूनच मोजायचं, घड्याळ गोदामात आणि शोकेसमध्ये पडून असतं तो काळही त्यात धरायचा. म्हणूनच बहुतेक कार्डांवर सेल वॉरंटीबाहेर असतो, पट्टा आणि काचही बाहेर. वॉरंटी असते ती मशीनला, तीही बनवतानाच्या दोषापुरती.

मग काय, ताईने बाजारातल्या टपरीवर सेल बदलून घेतला, दहा मिनिटांचं काम, घड्याळ झकास सुरू झालं. जूनमध्ये पाऊस लागला आणि काचेखाली धुकं दिसायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने घड्याळ थोडं गरम केलं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला आणि मिनिटभराने पुसला, तर काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरलेली. म्हणजे ओल आत गेलेली. मग मागचं झाकण उघडलं, तर झाकणाच्या कडेला अवजाराचे ओरखडे आणि आतली रबरी रिंग एका जागी चिमटलेली.

आता इथे कार्डातली दोन कलमं एकत्र आली बघा. एक, कंपनीने नेमलेल्या माणसाशिवाय कोणी घड्याळ उघडलं तर वॉरंटी गेली. दुसरं, पाण्यामुळे झालेलं नुकसान तेव्हाच धरलं जाणार जेव्हा झाकण, काच आणि चावी जशीच्या तशी असेल. सेल बदलताना नेमकं झाकणच उघडावं लागतं, आणि पाणी अडवते ती त्याखालची रिंग, ती नीट बसली नाही की 5 एटीएम हा शिक्का नुसता शिक्का राहतो. दीडशे रुपयांच्या सेलपायी दोन्ही कलमं ताईच्या विरोधात गेली. मला तेव्हा राग आला होता, पण कार्ड वाचल्यावर कळलं की हे सगळं तिथे छापलेलं होतं.

त्या 5 एटीएमबद्दल थोडं सांगतो कारण भांडणं इथेच होतात. पुष्कळ घड्याळांवर 5 एटीएमच्या जागी 50 मीटर लिहिलेलं असतं, ते तेवढ्या खोल पाण्याइतका दाब, तोही टेस्टच्या मशीनमध्ये स्थिर ठेवलेला. याचा अर्थ 50 मीटर खोल बुडी मारायची असा नाही. 3 एटीएम म्हणजे हात धुताना किंवा पावसात उडालेले शिंतोडे, पोहायचं असेल तर 10 एटीएम बघा, आणि गरम पाण्याची आंघोळ कुठल्याच आकड्यात धरू नका. गरम पाण्यात रबर आणि धातू सारखे फुगत नाहीत, वाफ बारीक फटीतून जाते, आणि घड्याळ गार झालं की आतली हवा आकसून बाहेरची ओल ओढून घेते. चावी बाहेर ओढलेली असताना पाण्यात हात घालणं, ओल्या हाताने तारीख बदलणं, हेसुद्धा कार्डाच्या भाषेत चुकीचा वापरच ठरतं. घड्याळ पडून मशीन हललं किंवा स्पीकरच्या चुंबकाजवळ राहून वेळ बिघडली, तेही सहसा त्यातच धरतात.

आणि हो, सेल संपला तर घड्याळ तसंच बंद पडून महिनोन्महिने ठेवू नका, संपलेला सेल पाझरू शकतो, त्याचं रसायन मशीन खातं आणि सेलच्या गळतीचं नुकसानही बऱ्याच कार्डांवर वॉरंटीबाहेर असतं.

ताईने शेवटी पैसे भरून घड्याळ साफ करून घेतलं. या वेळी मात्र तिने काउंटरवर तीन गोष्टी बिलावर लिहून मागितल्या: रिंग नवीन घातली, प्रेशर टेस्ट कोणत्या तारखेला झाली आणि या दुरुस्तीला किती महिन्यांची वॉरंटी. तिथल्या मुलाने जरा कुरकुर केली पण दिलं लिहून. ते बिल आता दुकानाचा शिक्का मारलेल्या कार्डालाच टाचून ठेवलंय.