चेहरा बदलताना चष्मा, दाढी आणि केस

एकच प्रसंग घेऊन बोलतो. संदर्भ फोटोतल्या अभिनेत्याला दाट दाढी आहे, केस मागे वळवलेले आहेत, चष्मा नाही. दृश्यात उभा असलेला बदली कलाकार गुळगुळीत दाढी केलेला, चष्मा लावलेला, आणि त्याच्या कपाळावर एक बट आलेली. दोघांचीही लेखी संमती आहे. आता पहिल्याचा चेहरा दुसऱ्यावर बसवायचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. `inswapper_128` सारखं मॉडेल संदर्भ फोटोतला एकही पिक्सेल उचलत नाही. ते त्या चेहऱ्याची ओळख 512 आकड्यांत घेतं आणि दृश्यातल्या चेहऱ्याचा 128 × 128 चा चौकोन नव्याने रंगवतं. म्हणून केस, चष्मा, उजेड, हावभाव हे सगळं दृश्यातून येतं. संदर्भातून येते ती चेहऱ्याची ठेवण. पण ती पूर्ण निर्मळ नसते. संदर्भात जाड काळी फ्रेम असेल, तर कधी कधी डोळ्यांखाली एक करडी रेघ उमटते. त्यामुळे शक्य असेल तिथे बिनचष्म्याचा फोटो घ्यावा. चार-पाच फोटो असतील तर त्यांची सरासरी काढावी, म्हणजे एखाद्याच फोटोतली गोष्ट पातळ होते:

```python
e = np.mean([f.normed_embedding for f in faces], axis=0)
e = e / np.linalg.norm(e)
```

आता चष्मा. दृश्यातला चेहऱ्याचा चौकोन 640 पिक्सेलचा आहे असं धरू. मॉडेलचा एक पिक्सेल तिथे पाच पिक्सेल व्यापतो. फ्रेमची कड सहा पिक्सेल जाड असेल, तर मॉडेलच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो. मग फ्रेम वितळल्यासारखी दिसते, काडी कानाकडे जाता जाता मध्येच तुटते. चेहरा मागाहून कितीही धारदार केला तरी हा दोष जात नाही. मॉडेलने फ्रेम काढलेलीच नसते.

उपाय असा, की मूळ फ्रेम वरून परत ठेवायची. चेहऱ्याचे भाग ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये, म्हणजे CelebAMask-HQ च्या 19 भागांवर शिकवलेल्या मॉडेलमध्ये, चष्म्याला `eye_g` ही स्वतंत्र खूण असते. इथेच बहुतेकांची चूक होते. ही खूण बहुतेक वेळा काच धरून येते. ती जशीच्या तशी वापरली की काचेमागचे डोळे बदली कलाकाराचेच राहतात आणि माणूस ओळखूच येत नाही. आपल्याला `eye_g` च्या मास्कची फक्त कड हवी:

```python
k = np.ones((15, 15), np.uint8)
ring = cv2.subtract(mask, cv2.erode(mask, k))
```

15 च्या चौकोनाने मास्क प्रत्येक बाजूने सात पिक्सेल आत सरकतो, म्हणजे सहा पिक्सेलची कड पूर्ण सापडते. नाकावरचा बारीक पूल झिजून नाहीसा होतो, त्यामुळे वजाबाकीत तोही आपोआप आपल्या हाती येतो. काचेवरची चमक वेगळी उचलून ‘लायटन’ पद्धतीने वर ठेवायची. उणे नंबर जास्त असेल तर काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. तिथे काचेचा बाहेरचा भाग मूळचाच ठेवा, नाहीतर चष्मा बिननंबरचा वाटतो. गालावर पडलेली फ्रेमची सावलीही तपासा. ती पुसली गेली असेल तर चष्मा चेहऱ्यापुढे तरंगतो.

दाढी याहून अवघड आहे, कारण त्या 19 भागांत दाढीला खूणच नाही. ती त्वचेतच मोडते. आपल्या प्रसंगात दृश्यात दाढी नाही, म्हणून दाट केस उगवत नाहीत. हनुवटीवर फक्त निळसर-करडी झाक येते आणि मास्क संपतो तिथे, जबड्याच्या कडेला, ती सरळ रेषेत कापली जाते. मान मात्र स्वच्छ. व्हिडिओत ही झाक फ्रेमगणिक कमी-जास्त होते. हनुवटीचा भाग मोठा करून सावकाश चालवला की ती लुकलुक लगेच दिसते. अशा वेळी अभिनेत्याचा दाढी नसलेला संदर्भ शोधणं हाच खरा उपाय. दाढी हवीच असेल तर बदली कलाकाराला चित्रीकरणाच्या वेळी नकली दाढी लावावी, कारण दाढी जबड्यावर थांबत नाही, ती गळ्यावर उतरते आणि कल्ल्यांतून केसांना मिळते.

उलट प्रसंगात, म्हणजे दृश्यातच दाढी असेल, तर हाताने काढलेल्या मास्कने ती मूळचीच राखा. त्याची किंमत एवढीच, की जबड्याची ठेवण बदली कलाकाराची राहते.

केसांचं काम त्यामानाने सोपं. कपाळावरची बट `hair` या खुणेने वेगळी करून मूळ चित्रातून परत वर ठेवायची, कड तीन ते पाच पिक्सेल मऊ करून. बारीक सुटे केस मास्कमध्ये येत नाहीत, तेवढे हाताने रंगवावे लागतात. मागे वळवलेल्या केसांची रेषा आणि रुंद कपाळ मात्र या पद्धतीने येणारच नाही. त्यासाठी बदली कलाकाराचे केसच तसे विंचरून चित्रीकरण करावं लागेल.