सकाळची कुपी, दुपारचा रुग्ण : अर्धायुष्याचं एक पूर्ण गणित

(नागपुरातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पडद्यावर जी घसरत जाणारी वक्ररेषा दिसते आहे, ती तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलेली आहे. आज तिच्यावर एकच पदार्थ ठेवून बघू : टेक्नेशियम-99एम. हाडांचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा न्यूक्लिअर स्कॅन होतो तेव्हा बहुतेक वेळा हाच वापरतात. त्याचं अर्धायुष्य 6.01 तास आहे. म्हणजे सकाळी भरलेली कुपी दुपारपर्यंत निम्म्यावर येते, आणि हिशेब कागदावर न राहता थेट रुग्णाच्या सिरिंजमध्ये उतरतो.

आधी एक गैरसमज दूर करू. अर्धायुष्य या शब्दामुळे असं वाटतं की केंद्रकाला वय असतं, ते म्हातारं होतं आणि मग फुटतं. तसं अजिबात नाही. टेक्नेशियम-99एमचं एक केंद्रक पुढच्या तासाभरात क्षय पावण्याची शक्यता साधारण 11 टक्के असते. ते नुकतंच तयार झालेलं असो की दोन दिवस टिकून राहिलेलं असो, पुढच्या तासासाठी शक्यता तेवढीच. मागचं त्याला काही आठवत नाही. कोणतं केंद्रक केव्हा जाईल ते सांगता येत नाही, पण समोर लाखो कोटी केंद्रकं असली की तासाला किती जातील ते अगदी नेमकं सांगता येतं.

बाहेरच्या हवेचाही यावर परिणाम होत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, जानेवारीत पहाटे 10 च्या खाली येतो, अर्धायुष्य तेच राहतं. कुपी फ्रिजमध्ये ठेवली म्हणून क्षय मंदावत नाही. (रासायनिक संयुग बदललं तर याच केंद्रकाच्या क्षयाच्या वेगात हजारात दोन-तीन इतका फरक मोजला गेला आहे. आपल्या गणितात तो दिसणारही नाही.)

आता पुढची स्लाइड. तिच्यावर दोनच ओळी आहेत :

```
A = A₀ · e^(−λt)
λ = 0.693 / T½
```

A म्हणजे सक्रियता, दर सेकंदाला किती केंद्रकं क्षय पावतात तो आकडा. एका सेकंदाला एक क्षय म्हणजे एक बेकरेल. λ हा क्षयस्थिरांक.

उदाहरण असं आहे. सकाळी 8 वाजता 5 मिलिलीटर द्रावणात 3700 मेगाबेकरेल सक्रियता मोजली. हाडांच्या स्कॅनसाठी दुपारी 1:30 वाजता एका रुग्णाला 740 मेगाबेकरेल द्यायचे आहेत. सिरिंजमध्ये किती मिलिलीटर भरायचे?

पहिलं काम वेळेचं. 8 ते 1:30 म्हणजे 5 तास 30 मिनिटं, दशांशात 5.5 तास. इथे 5.30 लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तीस मिनिटं म्हणजे अर्धा तास, 0.30 तास नव्हे.

```
λ   = 0.693 / 6.01     = 0.1153 प्रति तास
λt  = 0.1153 × 5.5     = 0.634
e^(−0.634)             = 0.530
A   = 3700 × 0.530     = 1962 मेगाबेकरेल (जवळपास)
```

द्रावण 5 मिलिलीटरच आहे, ते कुठे गेलेलं नाही. म्हणून दर मिलिलीटरला 1962 ÷ 5, म्हणजे सुमारे 392 मेगाबेकरेल. मग 740 ÷ 392 = 1.89 मिलिलीटर. सकाळी 8 ला हाच डोस बरोबर 1 मिलिलीटरमध्ये बसला असता.

उत्तर आलं की ते दुसऱ्या वाटेने तपासायचं. दुपारी 740 हवे असतील तर सकाळी 8 वाजता तेवढ्याच द्रावणात किती असायला हवे होते? 740 ÷ 0.530, म्हणजे साधारण 1395. सकाळी दर मिलिलीटरला 740 होते; 1395 ÷ 740 = 1.89. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या. मागे जाताना भागायचं आणि पुढे जाताना गुणायचं, एवढं उलटसुलट झालं की डोस साफ चुकतो. म्हणून गणित सुरू करण्याआधीच स्वतःला विचारा : नंतरच्या वेळी सक्रियता कमी हवी ना?

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिचं उत्तर पटण्यासारखं येतं. सहा तासांत निम्मी गेली, तर तीन तासांत पाव गेली असेल, असं त्रैराशिक मांडतात. तसं 75 टक्के उरायला हवे, प्रत्यक्षात 70.7 टक्के उरतात. नऊ तासांना त्रैराशिक 25 टक्के सांगतं, खरा आकडा 35.4 आहे. बारा तासांना तर ते शून्य सांगतं, पण कुपीत अजून पाव भाग असतो. सरळ रेषा आणि ही वक्ररेषा फक्त सुरुवातीला आणि सहाव्या तासाला एकमेकींना भेटतात.

तिसरी चूक घड्याळाची. मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांत अर्ध्या तासाचा फरक असेल, तर 740 ऐवजी 699 मेगाबेकरेल जातात. गणित बरोबर असूनही.

आता जरा थांबून या 3700 मेगाबेकरेलमध्ये पदार्थ किती आहे ते बघू. केंद्रकांची संख्या म्हणजे A भागिले λ. पण बेकरेल सेकंदाचे आहेत, म्हणून λ सुद्धा सेकंदात घ्यायचा : 3.2 × 10⁻⁵. उत्तर येतं 1.15 × 10¹⁴ केंद्रकं, वजनात सुमारे 19 नॅनोग्रॅम. डोळ्याला दिसणं सोडाच, साध्या तराजूलाही कळणार नाही. क्षयानंतर ही केंद्रकं नाहीशी होत नाहीत, ती टेक्नेशियम-99 होतात आणि त्याचं अर्धायुष्य 2 लाख 11 हजार वर्षं आहे. तेवढ्याच केंद्रकांची सक्रियता मग उरते फक्त 12 बेकरेल. केंद्रकं तितकीच, पण λ इतका लहान झाला की मोजणी जवळजवळ थांबली.

शेवटची स्लाइड दोन वक्ररेषांची आहे. टेक्नेशियम मिळतं ते जनरेटरमधून. त्यात मॉलिब्डेनम-99 असतं, अर्धायुष्य 66 तास; त्याच्याच क्षयातून टेक्नेशियम-99एम तयार होत राहतं. सलाईनने टेक्नेशियम धुऊन काढताना थोडं मॉलिब्डेनम सोबत निसटू शकतं. शिशाच्या डब्यात कुपी ठेवली की टेक्नेशियमचे 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा आत अडतात, मॉलिब्डेनमचे 740 च्या आसपासचे बाहेर येतात, आणि ते मोजता येतात. अमेरिकी औषधसंहितेनुसार डोस देण्याच्या क्षणी दर मेगाबेकरेल टेक्नेशियममागे 0.15 किलोबेकरेलपेक्षा जास्त मॉलिब्डेनम चालत नाही.

समजा सकाळी 8 ला हे प्रमाण 0.09 आलं. तपासणीत पास. पण 5.5 तासांत टेक्नेशियम 0.530 पट उरतं आणि मॉलिब्डेनम 0.944 पट. म्हणून दुपारी प्रमाण होतं 0.09 × 0.944 ÷ 0.530, म्हणजे 0.16. मर्यादा 12:50 च्या सुमारासच ओलांडली गेली. आपण 1.89 मिलिलीटर अचूक काढले, तरी दीड वाजता ही कुपी त्या रुग्णाला देता येणार नाही.