ऑइल काळं झालं म्हणजे संपलं का?

(गळीत हंगामाच्या तोंडावर सांगली जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. महिनाभरात ऊसतोड सुरू होईल. एकदा ट्रॅक्टर फडाला लागला की इंजिनकडे बघायला कुणालाच सवड मिळत नाही. म्हणून आज एकच विषय घेतो. पट्टी ओढली, बोटाला काळं लागलं, की 'ऑइल गेलं, बदला' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. हा निर्णय रंगावर घ्यायचा नाही, हे मला सांगायचं आहे. आणि मग कशावर घ्यायचा, तेही.

आधी ते काळं का होतं ते बघू. डिझेल जळताना काजळी तयार होते. त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण थोडी सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलला चिकटते. रिंगा ते ऑइल खरवडून चेंबरमध्ये आणतात. शिवाय तुम्ही ऑइल सोडता तेव्हा जुनं सगळं निघत नाही. बारीक नळ्यांत, पंपात, हेडवर काही ना काही राहतंच. त्यामुळे मधासारखं नवं ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवलं तरी पट्टीवर ते गडद दिसतं, आणि दोन-चार दिवसांच्या कामात काळंभोर होतं. यात फसवणूक नाही आणि ऑइल भेसळीचंही नाही.

चांगल्या डिझेल ऑइलमध्ये एक द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. त्याला डिस्पर्संट म्हणतात. काजळीचा प्रत्येक कण ते वेगळा धरून ठेवतं, कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. कृष्णेला पूर आला की पाणी गढूळ दिसतं. गाळ वाहत्या पाण्यात असतो तोवर पुढे जात राहतो. पाणी थांबलं की तोच गाळ उंबऱ्याच्या आत येऊन बसतो. इंजिनातही भीती बसणाऱ्या गाळाची आहे, वाहणाऱ्या नव्हे. ऑइल काळं आहे याचा अर्थ काजळी ऑइलमध्ये तरंगते आहे. ती नळ्यांत आणि रिंगांच्या खोबणीत साठली तर इंजिन मरतं. तेव्हा डिझेलचं ऑइल शेकडो तास चालूनही काळं झालं नाही, तर मला उलट काळजी वाटेल.

दुसरी बाजूही ऐका. सीएनजीवरच्या रिक्षांमध्ये आणि गाड्यांमध्ये काजळी जवळजवळ होतच नाही. तिथलं ऑइल खूप दिवस सोनेरी दिसतं. पण उष्णतेने, हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनच्या क्रियेने ते आतून खराब होत असतं, त्यात आम्ल वाढत असतं. मालक पट्टी बघून म्हणतो, 'अजून नवं आहे.' काळं ऑइल चांगलं असू शकतं आणि स्वच्छ दिसणारं खराब असू शकतं. रंगाचा भरवसा दोन्हीकडून जातो.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट पातळी. पट्टीवर आपण रंग बघतो आणि पातळी विसरतो, हे मला फार खटकतं. ट्रॅक्टर सपाट जागी लावा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली येतं. पट्टी पुसून पुन्हा घाला, मग बघा. दर वेळी असंच बघायचं, नाहीतर एका वेळेची पातळी दुसऱ्या वेळेशी जुळवता येत नाही. पातळी हळूहळू थोडी कमी होणं हे चालत्या इंजिनाचं लक्षण आहे. पण न भरता पातळी वाढली, तर त्याच क्षणी थांबा. चेंबरमध्ये ऑइल आपोआप तयार होत नाही. बाहेरून काहीतरी आत येतं आहे. ते एकतर डिझेल असतं, नाहीतर रेडिएटरचं पाणी.

दुसरी गोष्ट कागदावरचा थेंब. जुनी, साधी आणि भरवशाची चाचणी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तो फिल्टर पेपर आणा. वर्तमानपत्राचा कागद चालत नाही. कागद वाटीच्या काठावर असा ठेवा की मधला भाग कशालाही टेकणार नाही. गरम इंजिनाची पट्टी काढून तिच्या टोकाचा एक थेंब कागदावर सोडा आणि रात्रभर सपाट, धूळ लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. सकाळी डाग वाचायचा. मध्ये गडद आणि बाहेरच्या दिशेने सावकाश फिकट होत गेलेला करडा रंग असेल, तर डिस्पर्संट अजून काजळी वाहून नेतो आहे. ऑइल काळं असलं तरी कामाचं आहे. मध्ये डांबरासारखा घट्ट ठिपका, त्याला धारदार कड, आणि बाहेर नुसती तेलकट रिकामी जागा असेल, तर कण एकमेकांना चिकटले. ते ऑइल संपलं, तास कितीही झालेले असोत. सगळ्यात बाहेर रुंद, फिकट, पारदर्शक कडं दिसलं तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्या. डागाची कड वेडीवाकडी, दातेरी असेल तर पाण्याचा.

कागदावर तारीख आणि मीटरचे तास लिहून ठेवा. एका डागापेक्षा त्याच ट्रॅक्टरचे चार डाग शेजारी ठेवले की जास्त कळतं. आणि या चाचणीची मर्यादाही सांगतो. आम्ल मारणारी ताकद किती उरली, बेअरिंग किती झिजलं, हे कागद सांगत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. एकाच गावातले दोन ट्रॅक्टर, दोन्ही पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचे, दोन्हींत १५डब्ल्यू-४० ऑइल, दोन्ही उसाच्या ट्रॉल्या ओढणारे. दोन्ही मालकांचं म्हणणं एकच, 'ऑइल काळं पडलंय, बदलू का?'

पहिल्याचे ऑइल बदलल्यापासून १३० तास झाले होते. पातळी किंचित खाली. कागदावर डाग छान पसरलेला, मध्ये करडा, कडेला फिकट. पुस्तकात २५० तासांनी बदलायला सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, 'आप्पा, थोडं टॉपअप करा आणि चालवा. २०० तासांना पुन्हा थेंब बघू.'

दुसऱ्याचे झाले होते फक्त ९० तास. मालक खूश होते, 'इंजिन थेंबभर ऑइल खात नाही, उलट पट्टीवर वरच दिसतं.' मला तिथेच शंका आली. पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. पट्टीला डिझेलचा वास होता. थेंब कागदावर भराभर पसरला, बाहेर रुंद फिकट कडं. इंजिन गरम झालं की कमी आरपीएमला ऑइल प्रेशरचा काटा पूर्वीपेक्षा खाली बसत होता. आम्ही ऑइल सोडून मोजलं. भरलं होतं ८ लिटर, निघालं ८.६ लिटर. वरचं ०.६ लिटर म्हणजे जवळजवळ ७ टक्के, आणि वापरात जळून गेलेलं ऑइल धरलं तर डिझेल त्याहून जास्तच. एवढ्या डिझेलने ४० ग्रेडचं ऑइल ३० ग्रेडइतकं पातळ होऊ शकतं. बेअरिंगमधला ऑइलचा थर तेवढा बारीक होतो.

आता नुसतं ऑइल बदलून काय झालं असतं? रंग दोन दिवस चांगला दिसला असता आणि ९० तासांत पुन्हा तेच. म्हणून डिझेल येतं कुठून ते शोधलं. नोझल खराब असेल तर धूर बदलतो, एखादा सिलिंडर नीट काम करत नाही, आवाज बदलतो. इथे धूर नेहमीसारखा होता, इंजिन एकसारखं चालत होतं. म्हणून फीड पंप उघडला. डायफ्राम फाटला होता. अशा पंपाचा दांडा आत कॅमवर टेकलेला असतो, त्यामुळे फाटलेल्या पडद्यातून डिझेल सरळ चेंबरमध्ये उतरतं. डायफ्राम नवा बसवला, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले, आणि मालकांना पुढचे ५० तास रोज सकाळी पातळी वहीत लिहायला सांगितलं. पातळी जागेवर राहिली.

दोन्ही ट्रॅक्टरच्या ऑइलचा रंग एकच होता, हे लक्षात घ्या.

बोटांवर ऑइल चोळून 'पातळ झालंय' म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. काजळी ऑइलला घट्ट करते आणि डिझेल पातळ करतं. दोन्ही एकत्र आले तर बोटाला आणि कधीकधी प्रयोगशाळेच्या घट्टपणाच्या आकड्यालाही ऑइल ठीक वाटतं. म्हणून एकाच लक्षणावर निकाल द्यायचा नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर तो रंग मात्र गंभीरपणे घ्या. हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा लायनरचं सील तपासा. खात्री करायची तर रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा चेंबर नट सकाळी सुरू करण्याआधी जरासा सैल करा. मोकळं पाणी जड असतं, ते आधी येतं. थंडीत थोडंथोडं चालवलेल्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसतो, तो दमटपणाचाही असू शकतो. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका.

एकाने आत्ता विचारलं, मग काळं ऑइल कितीही चालवायचं का? नाही. पुस्तकातले तास ही कमाल मर्यादा आहे. फडातली धूळ, ओव्हरलोड ट्रॉली, दिवसभर न्यूट्रलवर घुरघुरत कारखान्याच्या रांगेत उभं राहणं, यांत ती कमी करायची. रांगेत किलोमीटर वाढत नाहीत, इंजिनाचे तास वाढतात. ऑइलचा हिशोब तासांवर ठेवा.

ज्यांच्याकडे चार-सहा गाड्या आहेत त्यांनी वर्षातून एकदा प्रयोगशाळेत नमुना द्यावा. त्यात घट्टपणा, काजळी, आम्ल मारायची उरलेली ताकद आणि धातूंचे कण कळतात. सिलिकॉन वाढलं तर बहुधा एअर क्लीनरमधून धूळ आत जाते आहे, लोखंड-तांबं वाढलं तर झीज होते आहे. नमुना गरम इंजिनाचा घ्या. सोडताना पहिली धार जाऊ द्या, मधली कोरड्या स्वच्छ बाटलीत धरा, शेवटचं घेऊ नका. सोबत तास आणि किती टॉपअप केलं ते लिहा, नाहीतर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

आणि ज्यांनी बीएस-६ डिझेल पिकअप घेतल्यात त्यांच्यासाठी. या गाड्यांत सायलेन्सरमधली काजळी जाळायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडतं. गाडी रोज गल्लीतून बाजारपेठेपर्यंतच फिरत असेल, तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. तिथेही पातळी चढते. आठवड्यातून एकदा पट्टी बघा, आणि वरची खूण ओलांडली असेल तर तास-किलोमीटर न मोजता ऑइल बदलून घ्या.