तिसरं उदाहरण कशासाठी छापलेलं असतं?

(परळच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्यांनी पुढे या, इथे पंख्याखाली जागा आहे. आजचा विषय फळ्यावर लिहिलाय: कोडिंग-डिकोडिंग, आणि त्यातही अक्षरं ठरलेल्या नियमानं पुढेमागे सरकतात तो प्रकार. ए म्हणजे एक, झेड म्हणजे सव्वीस, आणि उलट्या जोडीची बेरीज सत्तावीस, म्हणजे ए ची जोडी झेड, बी ची वाय, हे सगळं तुम्हाला पाठ आहे असं मी धरून चालतो. मी सांगणार आहे ते पुढचं. नियम सापडल्यावर तो पडताळायचा कसा, याची रीत. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय ही रीत कोरडी वाटेल.

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची, पोलीस भरतीची तयारी करत होती. एका रविवारी दुपारी ती क्लासचा सराव पेपर घेऊन खाली आली. "काका, माझं चुकलं कुठे तेवढं सांगा. मी तीनदा बघितलं." प्रश्न असा होता:

```
DADAR = EZEZS
MAHIM = NZIHN
KURLA = ?

(1) LTSKB  (2) LTSMZ
(3) LTSKZ  (4) LTSMB
```

तिनं दुसरा पर्याय निवडला होता. उत्तरतालिकेत पहिला. पेपरवर लाल पेनानं एवढी मोठी फुली. मी विचारलं, तुझा नियम काय? ती म्हणाली, "व्यंजन एक घर पुढे, स्वर एक घर मागे. दादरमध्ये डी चा ई, ए चा झेड, आर चा एस. माहीममध्ये एम चा एन, आय चा एच. सगळं बसतं." मग तालिकेचा नियम पाहिला. तिथे लिहिलं होतं: पहिलं, तिसरं, पाचवं अक्षर एक घर पुढे, दुसरं, चौथं एक घर मागे. समोर वीजबिल पडलं होतं. त्याच्या पाठीवर मी दोन्ही नियम शेजारी शेजारी मांडले आणि एकेक अक्षर टिक करत गेलो. दोन्ही नियम दोन्ही उदाहरणांवर अक्षर न् अक्षर बसत होते!

कारण सोपं आहे, पण डोळ्यांना सहज दिसत नाही. दादर आणि माहीम, दोन्ही शब्दांची ठेवण एकच आहे: व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर, व्यंजन. सम जागेवर दरवेळी स्वरच येतो. त्यामुळे "सम जागा मागे" म्हणा की "स्वर मागे" म्हणा, हाती तेच येतं. कुर्ल्याला आलं की फाटा फुटतो, कारण तिथे चौथ्या जागेवर एल हे व्यंजन आहे आणि पाचव्या जागेवर ए हा स्वर. आता पर्याय परत बघा. चारही पर्यायांत पहिली तीन अक्षरं सारखीच आहेत. भांडण आहे फक्त शेवटच्या दोन अक्षरांचं. म्हणजे पेपर काढणाऱ्याला नियम कुठे फुटतात ते नेमकं ठाऊक होतं, आणि तरीही निकाल लावणारं उदाहरण त्यानं दिलं नव्हतं.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बिल घेऊन मी त्या क्लासमध्ये गेलो. क्लासचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थ नाही. चालकांनी बिलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, मुलांना एवढं खोलात नेऊ नका. पहिल्या उदाहरणावरून नियम काढायचा, दुसऱ्यावर नजर टाकायची, टिक करायची, पुढचा प्रश्न." मी विचारलं, पहिल्यावरच भागत असेल तर दुसरं छापता कशाला? तेवढ्यात कुणी फी भरायला आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. त्या एका मार्काचं मला फार वाटलं नाही. वाईट पुढचं वाटलं. ती मुलगी पडताळायचीच थांबली. तिला वाटलं, जागेचा नियम हाच खरा आणि आपला विचार वाकडा. पुढच्या महिन्यात अशाच प्रश्नाला तीन उदाहरणं होती, तिसरं सरळ स्वराचा नियम सांगत होतं, आणि तिनं ते वाचलंही नाही. मुलीची चांगली सवय एका फुलीनं मोडली, याचा मला आजही राग येतो.

म्हणून तो प्रश्न मी दुरुस्त केला. तिसरं उदाहरण घातलं सायनचं. मराठीत आपण त्याला शीव म्हणतो, शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची. इथेही दोन नियमांची हद्द त्याच स्टेशनावर लागते.

```
SION = THNO
```

एस चा टी, आय चा एच, इथपर्यंत दोन्ही नियम हातात हात घालून येतात. तिसऱ्या जागेवर ओ आहे. जागेचा नियम म्हणतो पुढे जा, म्हणजे पी. स्वराचा नियम म्हणतो मागे जा, म्हणजे एन. कोडमध्ये काय आहे? एन. जागेचा नियम तिथेच पडला. चौथं अक्षर एन, व्यंजन, त्याचा ओ झाला, तेही स्वराच्याच बाजूनं. आता कुर्ल्याचं उत्तर एकच राहतं: दुसरा पर्याय.

आता मागे वळून दादरकडे बघा. एकटा दादर दिला असता तर किती नियम बसले असते? दोन नाही, चार. कारण ए चा झेड होतो तो दोन वाटांनी: एक घर मागे गेलं तरी झेड, उलटी जोडी घेतली तरी झेड. म्हणजे "मागे" की "उलटी जोडी", आणि "स्वर" की "सम जागा", अशा चार जोड्या झाल्या. माहीमनं त्यातल्या दोन कापल्या, कारण आय ची उलटी जोडी आर असते आणि कोडमध्ये एच आहे. पण त्याच माहीममधला एम बघा. एम चा एन. एक घर पुढेही एन आणि उलटी जोडीही एन. अशा अक्षराला मी फितूर साक्षीदार म्हणतो, दोन्ही पक्षांकडून साक्ष देतो. त्याच्या भरवशावर निकाल द्यायचा नाही.

फितूर कोण ते ओळखता येतं. उलट्या जोडीची बेरीज सत्तावीस, म्हणजे विषम. म्हणून जोडीतलं एक अक्षर सम क्रमांकाचं, दुसरं विषम. सरक जर दोनची किंवा चारची असेल तर सम क्रमांक समच राहतो, मग सरक आणि उलटी जोडी यांची गल्लत होऊच शकत नाही. सरक विषम असेल तर सव्वीसांत नेमकी दोन अक्षरं फितूर निघतात. एक घर पुढे असेल तर एम आणि झेड. एक घर मागे असेल तर ए आणि एन. तीन घरं पुढे असेल तर एल आणि वाय. घरी ताडून पाहा.

उलट्या जोडीचं हे तंत्र जुनं आहे. हिब्रू लोकांकडे होतं, त्याला अतबाश म्हणतात. आपल्याकडे महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, म्हणजे अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं. ती लिपी इतिहासाचार्य राजवाड्यांनी उकलली. यावर मी तासभर बोलू शकतो, पण तिकडे घड्याळ दाखवताहेत. किती? दहा मिनिटं? सातच? बरं, मग कबूल केलेली रीत झरझर सांगतो. लिहून घ्या.

पहिलं उदाहरण बघून नियम बोलायचा नाही. आधी सगळ्या उदाहरणांखाली फरकाचे आकडे मांडायचे:

```
DADAR  +1 -1 +1 -1 +1
MAHIM  +1 -1 +1 -1 +1
SION   +1 -1 -1 +1
```

पहिल्या दोन ओळी सारख्याच आहेत, म्हणजे माहीमनं जागेबद्दल नवं काही सांगितलं नाही. तिसऱ्या ओळीत दोन वजा शेजारी शेजारी आले, तिथेच एक-आड-एक हा नियम संपला. कुठलंही अक्षर पुन्हा तपासावं लागत नाही. ए च्या मागे झेड येतो, तिथे अधिक पंचवीस लिहू नका, वजा एक लिहा, नाहीतर ओळी जुळणार नाहीत.

वेळ कमी असेल तर ठेवणीनं सर्वांत वेगळं उदाहरण आधी तपासा: जोडस्वर असलेलं, वेगळ्या लांबीचं. आणि पर्याय कुठे फुटतात ते बघून त्याच प्रकारच्या अक्षरावर नजर ठेवा. पोलीस भरतीत 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे एकाला 54 सेकंद. तीन शब्दांचे फरक मांडायला सरावानं पंधरा-वीस सेकंद लागतात. परवडतं.

दोन नियम सगळ्या उदाहरणांवर बसले आणि दोन्हींची उत्तरं पर्यायांत असली, तर प्रश्नच सदोष आहे. पहिली उत्तरतालिका लागली की हरकत घ्या, आणि हरकतीत "माझं बरोबर आहे" एवढंच लिहू नका. दोन्ही नियम आणि दोन्हींचे फरकाचे आकडे शेजारी मांडून द्या. त्या मुलीच्या वीजबिलावर होतं तसं.

शेवटचं, उलटून सरकवण्याचा प्रकार. फरकांत काहीच ताळमेळ दिसला नाही तर शब्द उलटा लिहून फरक काढा. इथेही एकच उदाहरण फसवतं:

```
NAYAN = OBZBO
KAMAL = MBNBL
PAREL = ?
```

नयन उलटसुलट सारखाच, म्हणून एक घर पुढे हा सरळ नियम त्यावर बसतोच. कमलमध्ये मधली तीन अक्षरंही उलटी केली तरी तीच राहतात. बोलतात ती फक्त दोन टोकं. के चा एल शेवटी गेलाय, एल चा एम पुढे आलाय. म्हणजे शब्द आधी उलटा झाला आणि मग एक घर सरकला. परळ उलटा लिहा, एकेक घर पुढे न्या:

```
PAREL -> LERAP -> MFSBQ
```

ज्यांना क्यू नं सुरू होणारं उत्तर आलं, ते नयनवरच थांबले. हॉल सोडायला सांगताहेत. वह्या घेऊन जिन्यात या, ज्यांचं अडलंय त्यांचं तिथे बघू.