फळ्यावर पुसलेलं, तक्त्यात उरलेलं

(जळगावला संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

अल्गोरिदमचा तास संपला की तुमच्यातले निम्मे जण फळ्याचा फोटो काढतात. काढा, माझी हरकत नाही. पण त्या फोटोत काय येतं, ते पाहा. शोधायच्या पट्ट्याचं डावं टोक lo, उजवं टोक hi; मी तासभर lo खोडून नवा lo लिहिला, hi खोडून नवा hi लिहिला, आणि फोटोत आला फक्त शेवटचा lo. मधली सगळी हालचाल डस्टरवर गेली. परीक्षेत प्रश्न येतो तो नेमका त्या हालचालीवर. म्हणून आज एकच अल्गोरिदम घेऊन दाखवतो की तासाला ऐकलेलं एका कागदावर कसं उतरवायचं.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. केळीचे आठ घड काट्यावर तोलून वजनाप्रमाणे चढत्या क्रमाने ओळीत ठेवलेत. किलोमध्ये वजनं अशी: 12, 14, 17, 17, 19, 21, 24, 26. इंडेक्स 0 ते 7. व्यापारी म्हणतो, अठरा किलोच्या खालचा माल नको. मग ‘किमान 18’ असलेला पहिला घड कुठे आहे? डोळ्यांना दिसतंच, 19 चा घड, इंडेक्स 4. पण ओळ लाखाची असेल तर बायनरी सर्च लागेल.

तासाला मी जे वाक्य बोलतो, ते तुमच्या वहीत जवळजवळ असं असतं: ‘मधला बघायचा, लहान असेल तर उजवीकडे जायचं, नाहीतर डावीकडे.’ वाक्य खोटं नाही. पण ते स्यूडोकोडमध्ये उतरवायला बसलात की कळतं, ‘उजवीकडे जायचं’ म्हणजे नक्की कुठून सुरू करायचं, हे त्यात कुठेच नाही. A म्हणजे वजनांची ओळ, n म्हणजे घडांची संख्या, x म्हणजे हवं ते किमान वजन धरलं, तर बहुतेक वह्यांत मग हे सापडतं:

```
lo = 0, hi = n
while lo < hi
    mid = (lo + hi) div 2
    if A[mid] < x then lo = mid
    else hi = mid
return lo
```

वाचायला किती गुळगुळीत! आता ट्रेस टेबल करू. एक शिस्त आधीच ठरवून घ्या, नाहीतर टेबलच खोटं होतं: प्रत्येक ओळीत lo आणि hi लिहायचे ते लूपची अट तपासण्याच्या क्षणाचे. त्या फेरीत जे बदललं ते खालच्या ओळीत दिसेल, त्याच ओळीत खोडाखोड नाही. आणि div म्हणजे अपूर्णांक सोडून द्यायचा. 3 आणि 4 ची बेरीज 7, तिचा अर्धा 3. साडेतीन लिहिणारे दरवर्षी भेटतात.

x = 18 साठी:

```
lo  hi  lo<hi  mid  A[mid]  काय बदललं
0   8   हो     4    19      hi = 4
0   4   हो     2    17      lo = 2
2   4   हो     3    17      lo = 3
3   4   हो     3    17      lo = 3
3   4   हो     3    17      lo = 3
```

चौथी ओळ आणि पाचवी ओळ. काय जयं भो? lo तीनच, hi चारच. एकदा सगळी मूल्यं जशीच्या तशी परत आली की पुढे अनंतकाळ तेच येणार, कारण फेरीत दुसरं काही बदलणारं नाहीच. कागदावर हे पाच ओळींत कळलं. मशीनवर नुसता थांबलेला कर्सर दिसतो, आणि आपण आधी वीज, मग कॉम्प्युटर, मग नशीब, अशा क्रमाने दोष देत बसतो.

गंमत पुढे आहे. एका मुलाने हाच चुकीचा कोड मला टेबलसकट आणून दाखवला आणि म्हणाला, सर, बरोबर येतंय. त्याने x = 12 घेतला होता. करून पाहा: hi आधी 4, मग 2, मग 1, मग 0, लूप थांबतो, उत्तर 0. बरोबरच! कारण lo कधी हललाच नाही. हा कोड फक्त तेव्हाच थांबतो जेव्हा उत्तर इंडेक्स 0 असतं, किंवा ओळ अगदी रिकामी असते. बाकी कुठलाही x घ्या, अडकतो. म्हणजे त्याचं टेबल खरं होतं, निवडलेला आकडा सोपा होता. तेव्हापासून मी सांगतो, उजळणीच्या कागदावर किमान तीन x हवेत: उत्तर पहिलं येणारा, उत्तर मधलं येणारा, आणि उत्तरच नसणारा. आपल्या ओळीत x = 30 घ्या, एवढा जड घड नाही. दुरुस्त कोड तिथे 8 देतो. इंडेक्स 8 अस्तित्वातच नाही, म्हणून तो ‘सापडला नाही’ असा वाचायचा. हे बाजूला लिहिलं नाही, तर पेपरात A[8] छापायला निघाल.

आता दुरुस्ती. इथे ‘+1 लावायचं’ एवढंच लिहून कागद बंद करू नका. ते पाठांतर चार दिवसांत उलटतं, आणि पुढच्या आठवड्यात hi ला सुद्धा -1 लागलेला असतो. स्यूडोकोडच्या डोक्यावर एक वाक्य लिहा: lo च्या डावीकडचे सगळे x पेक्षा लहान; hi पासून उजवीकडचे सगळे x एवढे किंवा मोठे. आता या वाक्यालाच विचारा. A[mid] लहान निघाला, तर mid स्वतःसुद्धा डाव्या, बाद झालेल्या गटात गेला. मग lo त्याच्या पलीकडे, mid + 1 वर हवा. A[mid] लहान नसेल, तर तोच कदाचित आपला पहिला घड असेल. त्याला हाकलायचं कसं? म्हणून hi = mid, तिथे वजा एक नाही.

```
if A[mid] < x then lo = mid + 1
else hi = mid
```

पुन्हा x = 18: (0, 8), मग (0, 4), मग (3, 4), आणि शेवटी (4, 4). ही शेवटची, अट खोटी ठरणारी ओळसुद्धा लिहायची. मुलं ती हमखास गाळतात, आणि लूप का थांबला त्याचा पुरावाच तिच्यात असतो.

x = 18 ला तीन फेऱ्या झाल्या, x = 12 ला चार. आठ घडांना उत्तरं नऊ शक्य आहेत, 0 ते 8, आणि अर्धं-अर्धं करत नवातून एकावर यायला जास्तीत जास्त चार फेऱ्या लागतात. टेबलात पाचवी फेरी दिसली की पेन खाली ठेवायचं आणि मागे चूक शोधायची.

कागदाची मांडणी मी अशी करतो. एक फुलस्केप उभा दुमडायचा. डाव्या घडीवर ते वाक्य आणि स्यूडोकोड. उजव्या घडीवर टेबल, पण पहिली ओळ भरलेली आणि बाकी रकाने रिकामे. भरलेलं टेबल मागच्या बाजूला. ज्या ओळीवर स्वतः चुकलात, तिथे लाल टिंब. रिकामी बाजू दर वेळी झेरॉक्सवर भरायची, आणि आकडे बदलून. तेच 12, 14, 17 राहिले की हात पाठ झालेलं लिहून टाकतो. माझ्या स्वतःच्या जुन्या कागदावर लाल टिंब अजून (3, 4) च्याच ओळीला आहे.

चला, आता पानं काढा. x = 17 घ्या. ओळीत सतरा दोन आहेत. कुठला सापडतो, आणि कुठल्या ओळीत ते ठरतं, तेवढं मला टेबलात दाखवा.