बाई काय म्हणाल्या

[दृश्य: सकाळ. अंबाजोगाईतलं एक सभागृह. रिकाम्या खुर्च्या, मंचावर कापडी फलक: एकदिवसीय पाणी परिषद. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक मुलगी फोनला पॉवर बँक जोडते आहे.]

ही मुलगी लातूरची. भूगोलात एम. ए. करते. आजच्या परिषदेतलं एक व्याख्यान ती ऐकता ऐकता एक्सवर मांडणार आहे, एकाखाली एक पोस्ट जोडत. जे लोक इथे येऊ शकले नाहीत, त्यांच्यापर्यंत ते भाषण चालू असतानाच पोहोचावं म्हणून.

चित्रीकरणाला परवानगी देताना तिनं एकच अट घातली. ‘माझं नाव नको. मॅडमचं घ्या.’ मॅडमचं नाव पडद्यावर दिसतंय. भूजलशास्त्राच्या या निवृत्त प्राध्यापिकांना इथे सगळे बाई म्हणतात.

[दृश्य: वही. शाईनं लिहिलेली दोन रकान्यांची पानं.]

आदल्या रात्रीचं चित्रण आमच्याकडे नाही, पण ही वही आहे. पहिल्या पानावर बाईंचं पूर्ण नाव तीनदा लिहिलंय. कार्यक्रमपत्रिकेत आडनावातला एक अनुस्वार गळला होता. हिनं बाईंना फोन करून विचारलं, तुम्ही स्वतः कसं लिहिता? खाली बाईंचं एक्सवरचं खातं, व्याख्यानाचं नाव, परिषदेचा हॅशटॅग. त्याच फोनवर तिनं आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या: स्लाइडचे फोटो टाकले तर चालतील का, आणि कुठली स्लाइड नको? बाईंनी दोन स्लाइड वगळायला सांगितल्या. त्यांवर शेतकऱ्यांच्या विहिरींची मोजमापं गावाच्या नावासह आहेत आणि ती अजून कुठे प्रसिद्ध झालेली नाहीत. वहीत त्या दोन ओळींभोवती चौकट काढलेली दिसते.

पहिली पोस्ट तेव्हाच लिहून ठेवली होती. कोण बोलणार, कशावर, कुठे. आणि शेवटी एक वाक्य: ‘शब्द माझे, मांडणी बाईंची, जिथे अवतरणचिन्हं आहेत तिथेच त्यांचे नेमके शब्द.’

[दृश्य: बाई मंचावर. पडद्यावर खडकाचा उभा छेद: वर माती, मग मुरूम, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण.]

व्याख्यान सुरू झालं. विषय आहे बेसॉल्ट, म्हणजे आपल्या पायाखालचा काळा खडक, आणि त्यात पाणी नेमकं कुठे राहतं. पहिली चार-पाच मिनिटं ती काहीच टाकत नाही, नुसती लिहून घेते. वहीच्या डाव्या रकान्यात बाईंचे शब्द, उजव्यात त्या शब्दांचं काय करायचं याची खूण. टोप म्हणजे नेमका उतारा, त्याला अवतरणचिन्हं लागणार. रेघ म्हणजे सारांश. गोल म्हणजे हे बाईंचं नाही, त्या दुसऱ्या कुणाचं सांगताहेत.

[दृश्य: विहिरींच्या पाणीपातळीचा आलेख. कोपऱ्यात बारीक अक्षरं. कॅमेरा जवळ जातो.]

हा आलेख आला आणि तिनं गोल काढला. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत लिहिलंय: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. राज्य शासनाच्या या यंत्रणेची माणसं ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. म्हणून पोस्टमध्ये तिनं आकडे यंत्रणेच्या नावावर टाकले आणि आकड्यांचा अर्थ बाईंच्या. दोन्ही एकाच नावावर घातले असते तर विहिरीत टेप सोडणाऱ्या माणसांचं काम पुसलं गेलं असतं. आम्हाला तिच्या कामातली ही जागा सगळ्यात मोलाची वाटली.

[दृश्य: फोनचा पडदा. लिहिण्याची चौकट, कोपऱ्यात अक्षरं मोजणारं वर्तुळ भरत जातंय.]

एक्सवर फुकटच्या खात्यात एका पोस्टला २८० अक्षरं मिळतात, आणि ती आपल्यासारखी मोजली जात नाहीत. ‘पाणी’ आपल्या डोळ्यांना दोन अक्षरी. तिथे ते चार भरतं: प, काना, ण, वेलांटी. ‘क्षेत्र’ तर सात, कारण जोडाक्षरातली पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजतात. मराठीत एका पोस्टमध्ये पस्तीस-चाळीस शब्द बसतात, फार तर.

जागा पुरेना की माणूस आधी काय कापतो? ‘साधारण’, ‘बहुतेक ठिकाणी’, ‘या प्रकारच्या खडकात’ असले शब्द. ते दिसायला फालतू असतात. अभ्यासकाच्या वाक्यातलं खरेपण मात्र पुष्कळदा त्यांच्यावरच उभं असतं.

बाईंचं सातव्या पोस्टचं वाक्य ऐका.

[आवाज: बाई, मंचावरून.]
‘झिजलेल्या किंवा मांजऱ्या बेसॉल्टचा स्पेसिफिक यील्ड आपण साधारण दोन टक्के धरतो, एक ते तीनच्या मध्ये. म्हणजे शंभर घनमीटर भिजलेला खडक असेल, तर त्यातून दोन घनमीटर पाणी निथळून विहिरीत येईल.’

आणि तिनं टाकलं: ‘मराठवाड्याच्या खडकात फक्त २ टक्के पाणी.’ अक्षरं भरपूर उरली होती. घाई झाली होती, कारण बाई तोवर पुढच्या स्लाइडवर गेल्या होत्या.

[दृश्य: शेजारच्या खुर्चीतले पटकेवाले शेतकरी स्वतःच्या फोनवर वाचताहेत. ते तिच्याकडे वळतात.]

‘ताई, दोनच टक्के पाणी उरलंय म्हणायलेत का बाई?’

‘नाही मामा, तसं नाही...’ एवढं बोलून ती थांबते. वही मागे उलगडते.

हा थांबलेला चेहरा आम्ही लांबच ठेवला आहे.

[शांतता. सात सेकंद.]

वहीत सगळं होतं. ‘मांजऱ्या / झिज., साधा. २, (१–३), निथळून.’ पोस्टमध्ये त्यातलं ‘२’ तेवढं पोहोचलं. दोन टक्के हा खडकाचा गुण आहे, काळी माती पाणी धरते तसा. यंदा किती पाणी उरलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. तिनं लिहिलेलं वाक्य मात्र टंचाईची बातमी होऊन बसलं होतं, तेही बाईंच्या नावानं.

आता पुढे काय करायचं? फुकटच्या खात्यात टाकलेली पोस्ट दुरुस्त करता येत नाही. ती पोस्ट साखळीचं शेवटचं टोक होती, तिच्याखाली अजून काही जोडलेलं नव्हतं, म्हणून काढून टाकणं सोपं होतं. पोस्ट काढली की लोकांनी केलेले तिचे साधे रिपोस्टही तिच्याबरोबर जातात. स्क्रीनशॉट कुणी घेतला असेल तर तो राहतो. म्हणून गुपचूप काढून भागत नाही. तिनं नव्या पोस्टची सुरुवातच अशी केली:

‘दुरुस्ती: याआधी "खडकात फक्त २ टक्के पाणी" असं मी लिहिलं, ते चूक होतं, काढलं आहे. बाईंचं म्हणणं: झिजलेल्या, मांजऱ्या बेसॉल्टमधून आकारमानाच्या साधारण २ टक्के (१ ते ३) पाणी निथळून विहिरीत येतं. किती उरलंय, त्याचा हा आकडा नाही.’

चूक कुणाची आणि म्हणणं कुणाचं, दोन्ही एकाच पोस्टमध्ये आहे. चुकीची पोस्ट नऊ मिनिटं लोकांसमोर होती. एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा स्क्रीनशॉट गेलाच.

[दृश्य: बाई फळ्याकडे वळतात. खडूनं गुणाकार.]

सभागृहात स्लाइड होत्या, तरी बाईंनी हा हिशोब खडूनं केला. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. पावसाळ्यात तिथली पाणीपातळी एक मीटर वर आली, तर १० हजार घनमीटर खडक भिजला. त्याचे दोन टक्के म्हणजे २०० घनमीटर, अर्थात २ लाख लिटर. १० हजार लिटरचे २० टँकर.

हे तिनं एका पोस्टमध्ये न कोंबता दोन पोस्टमध्ये घेतलं, आणि फळ्याचा फोटो जोडला. फोटोच्या वर्णनात अख्खा गुणाकार शब्दांत लिहिला, कारण ज्यांना फोटो दिसत नाही त्यांचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. दोन्ही पोस्टच्या सुरुवातीला बाईंचं आडनाव आणि पुढे अपूर्णविराम. खरं तर दुरुस्ती आणि स्वतःची टीप सोडली तर प्रत्येकच पोस्टला ते आहे. साखळीतली एखादीच पोस्ट कुणी पुढे पाठवतं तेव्हा पहिल्या पोस्टमधलं नाव मागेच राहतं. आडनावाला लागणारी सात-आठ अक्षरं ती हिशोबात आधीच वजा करून ठेवते.

फळ्याच्या पोस्टखाली आणखी एक आहे, ‘माझी टीप’ अशी सुरुवात असलेली. ‘१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. या हिशोबानं ते अडीच हेक्टरातलं एक मीटर पाणी.’ हे बाई बोलल्या नव्हत्या. ती स्वतः तेव्हा लातुरात शाळेत होती.

[दृश्य: प्रश्नोत्तरं. हातोहात फिरणारा माइक.]

‘बोअर किती खोल घ्यावा?’ हा प्रश्न मराठवाड्यात पाण्याच्या प्रत्येक सभेत येतो. नेटवर्क इथे गेलं. ती फोनच्या टिपणवहीत लिहीत राहिली, आणि रेंज आल्यावर एकामागून एक टाकलं, प्रत्येक वेळी साखळीच्या शेवटच्या पोस्टला उत्तर देऊन. चुकून पहिल्या पोस्टला उत्तर दिलं की फाटा फुटतो आणि वाचणारा अर्ध्यात अडकतो.

[दृश्य: सभागृहाबाहेर, चहा. बाई चष्मा कपाळावर सरकवून तिच्या फोनवर वाचताहेत. अंगठा सावकाश वर सरकतोय.]

पूर्ण साखळी तिनं बाईंच्या हातात दिली. सुरुवातीला बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. दुरुस्तीच्या पोस्टवर हसल्या. चौदाव्या पोस्टवर अंगठा थांबला.

‘हे काय गं? "खोल बोअर घेऊ नका." मी असं म्हटलं?’

‘मॅडम, तुम्ही म्हणालात ना, खोल गेलं म्हणून पाणी लागेलच असं नाही...’

‘तेवढंच म्हटलं मी. घेऊ नका, हे तू म्हणतेयस. बरोबरही असेल. पण ते माझ्या नावापुढे नको.’

या पोस्टखाली आणखी पाच जोडलेल्या होत्या. मधली कडी काढली तर खालच्या पाच सुट्या पडण्याचा धोका. म्हणून या वेळी काढायचं नाही असं ठरलं. चौदाव्याला तिनं दुरुस्ती जोडली, बाईंचं वाक्य अवतरणचिन्हांत घेऊन. मग तीच दुरुस्ती पहिल्या पोस्टखालीही लावली, कारण नवा वाचणारा तिथूनच आत येतो.

[दृश्य: फोनचा पडदा, जवळून. ती टाइप करतेय. बाई शेजारी उभ्या राहून शब्द सांगताहेत.]

‘"लागेलच" लिही. "लागेल" नको. तो च राहू दे.’

[दृश्य: तिचा अंगठा मागे जातो, च टाइप करतो. पोस्ट जाते. चहाचा कप अजून भरलेला.]